चिन्हाच्या कडेवरची अक्षरं

दुबईत देरा भागात अल रास नावाची वस्ती आहे. खाडीच्या काठाला लागून मसाले, सुका मेवा, डाळी आणि डबाबंद मालाचे घाऊक व्यापारी तिथे बसतात. त्यातल्या एका पेढीत मी मालाची नोंदवही सांभाळत असे. कंटेनर रिकामा झाला की प्रत्येक जिनसाचा एक नमुना माझ्या टेबलावर येई. त्याचं नाव, वजन, घटक, बनवल्याची जागा आणि मुदत मी लिहून घेई. हे रकाने भराभर भरत. वेळ खाई तो शेवटचा रकाना: हलाल किंवा कोशरचं प्रमाणपत्र कुणी दिलं आहे आणि ती संस्था कुठल्या देशाची?

हा रकाना हौसेचा नव्हता. मांस किंवा प्राण्यांपासून मिळालेले घटक असलेला माल अमिरातीत उतरवायचा तर हलाल प्रमाणपत्र देणारी संस्था तिथल्या सरकारने मान्य केलेली असावी लागते. आमचा काही माल पुढे दुसऱ्या देशांतही जाई आणि ज्या त्या देशाची मान्य संस्थांची यादी वेगळी. मी पाहिलेल्या अशा याद्या बहुधा देशवार लावलेल्या असत. संस्थेचा देश ठाऊक नसेल तर यादीत नेमकं कुठे बघायचं हेच कळत नाही. आणि पाकिटावर असतं काय, तर नखाएवढं एक चिन्ह.

पाकिटावर देशाची ओळख सांगणाऱ्या निदान तीन गोष्टी असतात आणि त्या तिन्ही वेगवेगळं सांगतात. ‘अमुक देशात बनवलेले’ ही ओळ कारखान्याचा देश सांगते. बारकोडचे पहिले तीन आकडे ती कंपनी कुठल्या देशाच्या बारकोड संघटनेची सभासद आहे तेवढंच सांगतात. ८९० म्हणजे भारत, ९५५ म्हणजे मलेशिया, ८९९ म्हणजे इंडोनेशिया, ८८५ म्हणजे थायलंड, ७२९ म्हणजे इस्राएल. माल प्रत्यक्षात दुसरीकडेच बनलेला असू शकतो. तिसरी गोष्ट म्हणजे प्रमाणपत्राचं चिन्ह, आणि ते कारखान्याचं नसतं, ते संस्थेचं असतं. पहिल्या दोन गोष्टींवरून तिसरीचा अंदाज बांधला की नोंद चुकते. जुन्या नोंदवहीत अशा नोंदी बऱ्याच होत्या आणि त्या मला एकेक करून तपासाव्या लागल्या.

त्यातली एक नोंद मी सविस्तर सांगते, कारण या कामातल्या बहुतेक खाचाखोचा त्या एका पाकिटात होत्या. ते झटपट सूपच्या पुडीचं पाकीट होतं. मागे महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीचा पत्ता होता, बारकोड ८९० ने सुरू होत होता. खाली कोपऱ्यात चंद्रकोर आणि तिच्या कुशीत रोमन लिपीतलं एम हे अक्षर. आधीच्या कारकुनाने शेवटच्या रकान्यात ‘मलेशिया’ लिहून ठेवलं होतं. एम आणि चंद्रकोर एकत्र पाहिली की मलेशिया सुचणं साहजिक आहे. हलाल म्हटलं की आखातातल्या व्यापाऱ्याला आधी मलेशियाच आठवतो.

पण मलेशियाचं चिन्ह माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. तिथल्या सरकारच्या इस्लामी विकास खात्याला ‘जाकिम’ म्हणतात. त्याच्या चिन्हात एक वर्तुळ असतं, मधोमध आठ टोकांचा तारा, ताऱ्यात अरबी लिपीत ‘हलाल’ आणि त्याखाली तोच शब्द रोमन लिपीत. वर्तुळाच्या कडेवर ‘मलेशिया’ हे नाव रोमन आणि अरबी अशा दोन्ही लिपींत कोरलेलं असतं. म्हणजे मलेशियाचं सरकारी चिन्ह आपला देश स्वतःच सांगतं. ज्या चिन्हावर देशाचं नाव नाही, तारा नाही, वर्तुळाची कड नाही, ते जाकिमचं नव्हे, एवढं तर निश्चित झालं.

मग एम कुणाचा? चंद्रकोरीतलं एम हे अमेरिकेतल्या ‘इफान्का’ या संस्थेचं चिन्ह आहे. पूर्ण नाव इस्लामिक फूड अँड न्यूट्रिशन कौन्सिल ऑफ अमेरिका. १९८२ साली स्थापन झालेली ही संस्था शिकागोजवळ इलिनॉय राज्यात आहे आणि ती जगभरातल्या कारखान्यांना प्रमाणपत्र देते. सूप महाराष्ट्रातलं, प्रमाणपत्र अमेरिकेतलं, गिऱ्हाईक आखातातलं, आणि मलेशियाचा त्याच्याशी काही संबंध नाही. संस्थेच्या स्वतःच्या कागदांत तेच चिन्ह पाहून मी खात्री केली, कारखानदाराकडून प्रमाणपत्राची प्रत मागवली आणि प्रतीवरचा इलिनॉयचा पत्ता वाचल्यावरच रकाना बदलला. अशी प्रत हातात आली की चार गोष्टी मी हमखास बघत असे: संस्थेचा पत्ता, कारखान्याचा पत्ता, त्यात लिहिलेल्या मालाची नावं आणि मुदत. कारखाना तोच पण मालाच्या यादीत आपलं सूप नाही, असंही घडतं. एका कारखान्यातल्या काही जिनसांनाच प्रमाणपत्र असतं.

त्याच पाकिटावर आणखी एक चिन्ह होतं, इतकं बारीक की आधीच्या कारकुनाला ते नोंदणीकृत व्यापारचिन्हाची खूण वाटली असावी. वर्तुळात यू आणि त्याच्या शेजारी डी. व्यापारचिन्हाच्या खुणेत वर्तुळात आर असतो. छपाईची शाई पसरलेली असली की यू आणि आर यांच्यात डोळ्याला फरक करता येत नाही. त्यासाठी टेबलावर सोनाराचं दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवलेलं असे. चकचकीत पाकिटावर दिवा सरळ पडला तर अक्षर उजेडात विरघळतं. पाकीट तिरकं धरून बाजूने उजेड घेतला की अक्षराची कड दिसते. मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून पाहणं हा दुसरा उपाय, पण घडी पडलेल्या पाकिटावर भिंगच बरं.

वर्तुळातलं यू म्हणजे न्यूयॉर्कची ऑर्थोडॉक्स युनियन. कोशर प्रमाणपत्राच्या जगात हे सर्वांत जास्त दिसणारं चिन्ह आहे. १९२३ साली हाइंझच्या शाकाहारी बीन्सच्या डब्यावर ते पहिल्यांदा छापलं गेलं. शेजारचा डी संस्थेशी संबंधित नाही. तो मालाविषयी सांगतो की यात दूध आहे किंवा तो दुधाच्या यंत्रांवर बनलेला आहे. सूपमध्ये दूध पावडर होती, म्हणून डी. यहुदी धर्मशास्त्रात दूध आणि मांस एकत्र खाणं निषिद्ध आहे, त्यामुळे कोशर पाकिटावर पुष्कळदा ही सूचना लागते. दोन्ही नसेल तर ‘पारेव्ह’ असा शब्द दिसतो. संस्था शोधताना ही शेपटं बाजूला काढून ठेवावी लागतात, नाहीतर यू आणि डी मिळून एक तिसरीच संस्था असल्याचा भास होतो.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी गोदामातल्या मामूंनी सांगितलं होतं. मामू मुरूडचे कोकणी मुसलमान. त्यांच्या लहानपणी रेवदंडा-अलिबागकडे बेने इस्राएल कुटुंबं शेजारी होती. ही मंडळी घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. अलिबागेत त्यांची इस्राएल आळी अजून आहे. मी डीचं विचारलं तेव्हा मामू म्हणाले, “अगं पोरी, त्यांच्या घरी मटणाच्या जेवणाबरोबर दही कधी येत नसे. आमच्या आईला ते ठाऊक होतं, म्हणून ती त्यांना जेवायला बोलवायची तेव्हा मासेच करायची, तेही खवल्याचे.” पाकिटावरच्या एका अक्षरामागे इतकं जुनं, रोजच्या स्वयंपाकातलं कारण आहे, हे मामूंनी सांगितल्यावर तो डी मी पुन्हा विसरले नाही.

कोशरच्या चिन्हांत खरी अडचण के या अक्षराची आहे. वर्तुळात के असेल तर ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली ओके ही संस्था. ताऱ्यात के असेल तर बाल्टिमोरची स्टार-के. हिब्रू काफ अक्षराच्या पोटात के असेल तर न्यू जर्सीमधल्या टीनेकची कोफ-के. तिन्ही अमेरिकी, पण तिन्ही वेगळ्या, आणि तिन्हींच्या मध्यभागी एकच अक्षर. इथे भोवतालची आकृती हेच नाव. त्रिकोणात सीआरसी असेल तर शिकागोच्या रब्बींची परिषद, सीओआर म्हणजे टोरोंटोची कॅनेडियन संस्था, केएलबीडी म्हणजे लंडन बेथ दिन, लंडनच्या यहुदी धर्मन्यायालयाचा कोशर विभाग. शिकागोची परिषद आपल्याला मान्य असलेल्या कोशर संस्थांची यादी चिन्हांच्या चित्रांसकट आणि ठिकाणासकट लोकांपुढे ठेवते. त्या यादीची छापील प्रत मी टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली होती आणि ती सर्वांत जास्त वापरली गेली.

आणि नुसता के? ना वर्तुळ, ना तारा, ना काही. नुसता के हे कुठल्याही एका कोशर संस्थेचं राखीव चिन्ह नाही, म्हणून तो कोणीही छापू शकतं. त्यामागे एखादा चांगला रब्बी असेलही, किंवा फक्त कारखानदाराचं स्वतःचं म्हणणं असेल. चिन्हावरून देश काढायचा प्रयत्नच इथे करू नये. त्या रकान्यात मी ‘उत्पादकाला विचारणे’ एवढंच लिहीत असे. चिन्ह आहे म्हणून संस्थाही असणारच, असं गृहीत धरून माल पुढे पाठवला की पुढच्या बंदरात कागद मागितले जातात आणि तेव्हा दाखवायला काहीच नसतं.

हलालच्या चिन्हांत लिपी मोठी मदत करते. थायलंडच्या केंद्रीय इस्लामी परिषदेचं चिन्ह चौकटच्या पानासारखं उभं असतं. आत उभ्या रेघांवर अरबी ‘हलाल’ आणि खाली थाई लिपीतली ओळ. थाई वाचता आली नाही तरी ती लिपी दुसऱ्या कुणाची नाही एवढं ओळखता येतं. रोमन लिपीत मात्र वर्णलेखन बघावं लागतं: दक्षिण आफ्रिकेतल्या संस्था हलालमधल्या दुसऱ्या अक्षराला दोन ए लावतात, तुर्कस्तानात पहिला स्वर ई असतो. ही खूण पुरावा नाही, शोध कुठून सुरू करावा याची दिशा आहे. तीन अक्षरी नावांत तर एका अक्षराने देश बदलतो. एचएमसी ही ब्रिटनमधली हलाल मॉनिटरिंग कमिटी, एचएमए ही कॅनडातली हलाल मॉनिटरिंग अथॉरिटी. खराब छपाईत सी आणि ए यांची गल्लत होते, तेव्हा पाकिटावर आणखी कुठे इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर आहे का ते मी बघत असे. दोन्ही भाषा शेजारी शेजारी असतील तर पाकीट कॅनडाच्या बाजारासाठी छापलेलं असण्याचा संभव मोठा.

इंडोनेशियाने एका काळात सगळ्यांनाच गोंधळात पाडलं होतं. आधी तिथे उलेमा परिषदेचं गोल हिरवं चिन्ह चाले, कडेवर परिषदेचं पूर्ण नाव आणि त्यातच ‘इंडोनेशिया’. त्यावरून देश ओळखणं सोपं होतं. २०१४ च्या कायद्यानंतर प्रमाणपत्राचा कारभार सरकारच्या नव्या यंत्रणेकडे गेला आणि मार्च २०२२ मध्ये नवं चिन्ह आलं. ते जांभळं आहे आणि त्याचा आकार जावाच्या सावल्यांच्या बाहुलीनाट्यात लागणाऱ्या डोंगरासारख्या पानाचा आहे. अरबी अक्षरं त्या आकारात अशी बसवली आहेत की पटकन वाचता येत नाहीत. गोदामातल्या एका सहकाऱ्याने ते पाहून इराण म्हटलं, दुसऱ्याने एखाद्या आखाती देशाचं असेल म्हटलं. खाली रोमन लिपीत ‘हलाल इंडोनेशिया’ छापलेलं असतं, पण पुडीच्या शिवणीत ती ओळ दाबली गेली होती. शिवण कात्रीने उसवून पाहिल्यावर वाद मिटला. काही दिवस जुनी आणि नवी अशी दोन्ही चिन्हं एकाच कंपनीच्या नूडल्सवर येत होती, आणि दोन्ही खरी होती. शिवाय स्वस्त पाकिटांवर सगळी छपाई एकाच शाईत होते, मग जांभळं काळं होतं आणि हिरवंही काळं. रंगावर विसंबू नये, आकारावर विसंबावं, हे मी या पाकिटांवरूनच शिकले.

रंगाची आणखी एक गल्लत आमच्या भारतीय मालात होई. चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, ही भारताची सरकारी खूण. अनेक परदेशी गिऱ्हाइकं तिला हलालचं चिन्ह समजत. तिच्यात कुठल्याही धार्मिक संस्थेचं काही नाही, म्हणून ती या रकान्यात यायचीच नाही, पण घटकांच्या रकान्यात उपयोगी पडे.

सर्वांत अवघड काम निघालं ते ब्राझीलच्या कोंबडीच्या मांसाचं. अमिरातीत तिथून येणाऱ्या गोठवलेल्या कोंबडीचा वाटा मोठा आहे. एका खेपेतल्या सॉसेजच्या डब्यावर अरबीत फक्त ‘इस्लामी पद्धतीने हलाल जबह’ अशा अर्थाची ओळ होती. ना संस्थेचं नाव, ना आकृती, ना क्रमांक. बाजूला मात्र एक गोल शिक्का होता, आत पोर्तुगीज मजकूर, एसआयएफ ही तीन अक्षरं आणि एक आकडा. आमच्याकडे आलेल्या एका दलालाने हाच हलालचा शिक्का म्हणून दाखवला.

तो हलालचा शिक्का नव्हता. एसआयएफ म्हणजे ब्राझीलच्या कृषी मंत्रालयाची केंद्रीय तपासणी सेवा. मांस आरोग्याच्या दृष्टीने सरकारी पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली तयार झालं आहे एवढंच तो सांगतो. डुकराच्या मांसावरही तो असतो. तरीही त्यातला आकडा फार मोलाचा होता, कारण तो आकडा एका विशिष्ट कारखान्याचा असतो. संस्थेपर्यंत जायला चिन्ह नव्हतं, पण कारखान्यापर्यंत जायला वाट होती.

मी त्या आकड्याचा कारखाना शोधला, निर्यातदाराला पत्र पाठवलं आणि स्पष्ट विचारलं: या आकड्याच्या कारखान्यात, या तारखेच्या मालासाठी, जबहवर देखरेख कुठल्या संस्थेने केली, तिचं प्रमाणपत्र पाठवा. नुसतं ‘हलाल आहे का’ असं विचारलं तर ‘हो’ एवढंच उत्तर येतं, म्हणून कारखाना, तारीख आणि संस्था या तिन्हींची नावं प्रश्नात हवीत. उत्तरात आलेल्या कागदावर साओ पाउलो राज्यातल्या एका मुस्लिम संस्थेचं नाव आणि पत्ता होता, कागदावरचा कारखान्याचा आकडा डब्यावरच्या आकड्याशी जुळत होता, आणि तारखाही बसत होत्या. अमिरातीच्या मान्य यादीत ब्राझीलखाली ती संस्था सापडली. त्यानंतर रकान्यात ‘ब्राझील’ लिहिलं, शेजारी कागदाचा क्रमांक लिहिला, आणि ‘डब्यावर चिन्ह नाही, प्रमाणपत्रावरून’ अशी टीपही जोडली, कारण पुढच्या खेपेला डबा तोच आणि कारखाना दुसरा असू शकतो.

मामूंनी तो डबा उलटून पालटून पाहिला आणि विचारलं, यादीत नाव सापडलं नसतं तर काय केलं असतंस? यादीत नाव नसलेली संस्था खोटी असते असं नाही. काही संस्था लहान असतात, काहींनी त्या देशाकडे अर्जच केलेला नसतो. माणसाने ते घरी खायचं की नाही हे त्याने त्या संस्थेवरच्या आपल्या विश्वासावरून ठरवावं. पण माल त्या बंदरात उतरवता येणार नाही, एवढं मी व्यापाऱ्याला लेखी कळवलं असतं. मामूंना ते पटलं. मग त्यांनी पुढच्या खोक्यातली बिस्किटं माझ्यापुढे ठेवली. त्यांवर वर्तुळ होतं, आत काहीतरी होतं, आणि कडेवरची अक्षरं वाचायला भिंग लागणार होतं.